ऐकलंत का?

आमच्याकडे दुधाच्या हिशेबाची एक वही असते. गेल्या वर्षी माघात मी तिच्या मागच्या पानांवर आठवडाभर वेगळाच हिशेब लिहिला. दिवसभरात ह्यांनी मला आणि मी ह्यांना जे म्हटलं, ते रात्री आठवेल तसं उतरवून काढायचं. लग्नाला तेव्हा ३१ वर्षं झाली होती. ह्यांना बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं, मुलगी बंगळुरूला, मुलगा पुण्यात. सांगलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. भांडण नाही, रुसवा नाही, पण जेवताना ताटात चमचा वाजला तरी दचकायला व्हावं इतकी शांतता होती, आणि ती मला सलू लागली होती.

सोमवारच्या पानावर हे आहे: "दूध तापलं का?" "गॅसचा नंबर लावलाय." "किल्ली कुठे ठेवलीस?" "गोळी घेतलीत?" "रविवारी सोसायटीची मीटिंग आहे." "भात कमी लाव." "चालेल." मंगळवारही असाच. सगळी वाक्यं घर चालवायची. त्यातलं एकही काढून टाकलं असतं तर काहीतरी अडलं असतं, आणि त्यातलं एकही केवळ सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी मात्र एक वाक्य वेगळं सापडलं. सकाळी बाल्कनीत उभं राहून हे म्हणाले होते, "समोरच्या शेवग्याला फुलं आलीत." मी आत भाजी चिरत होते. माझं उत्तरही प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय: "हं."

"आता बोलायला काही उरलंच नाही," असं आमच्या वयाची कितीतरी जोडपी म्हणतात. मीही म्हणत होते. त्या वहीनंतर माझं मत बदललं. बोलायचे विषय संपलेले नसतात. शेवग्याला फुलं येतच असतात आणि कोणीतरी ते सांगतही असतं. संपलेलं असतं ते त्या सांगण्याला मिळणारं उत्तर.

अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच क्षणाचा अभ्यास केला. त्याने एका साध्या घरासारखी प्रयोगशाळा उभी केली आणि नवविवाहित जोडप्यांना तिथे दिवसभर राहायला बोलावलं. स्वयंपाक करा, पेपर वाचा, खिडकीतून बाहेर बघा, काय करायचं ते करा. कॅमेरे चालू. भांडणांपेक्षा त्याचं लक्ष बारक्या गोष्टींकडे होतं: एकाने काही म्हटलं, दाखवलं, नुसता सुस्कारा टाकला, तर दुसरा काय करतो? मान वळवतो, ऐकू न आल्यासारखं करतो, की खेकसतो? सहा वर्षांनी त्याने त्या जोडप्यांची खबर घेतली. जी एकत्र होती, त्यांनी अशा बारक्या हाकांना शंभरातल्या ८६ वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली होती, त्यांनी ३३ वेळा.

ती जोडपी नवी होती आणि परक्या मुलखातली. त्यांचे आकडे आमच्यासारख्या तीस-चाळीस वर्षांच्या संसाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आमच्या पिढीत विभक्त होण्याचा प्रश्न फारसा येतही नाही. आम्ही एकाच छताखाली गप्प होत जातो, एवढंच. पण बघायचं काय, हे त्या अभ्यासाने मला दाखवून दिलं. "शेवग्याला फुलं आलीत" ही बातमी नव्हती, ती हाक होती. बाल्कनीत ये, असं ते वाक्य म्हणत होतं. "हं" म्हणून मी दार लोटून घेतलं.

आपल्या भाषेत ही हाक अगदी उघड आहे, हे मला फार विशेष वाटतं. माझी आई वडिलांना कधी नावाने हाक मारत नसे. ती म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" किती घरांमध्ये नवऱ्याला हाक मारायची हीच रीत होती. माणसाला बोलावण्याआधी त्याचा कान मागायचा. आणि पलीकडून "काय गं?" आलं की मगच पुढची गोष्ट सांगायची. आज आम्ही वाक्य थेट हवेत सोडतो, आणि ते कोणाच्या कानावर पडलं की नाही हे बघायलाही थांबत नाही.

त्या घरांमध्ये आणखीही एक गोष्ट होती. नवरा-बायकोचं बरंचसं बोलणं पोरांच्या मार्फत चालायचं. "बाबांना सांग, पानं घेतलीत." "आईला विचार, बाहेर यायचंय का." आमच्या संसारातही पंचवीस वर्षं हेच चाललं, आणि जे थेट बोललो त्यातलं बरंचसं मुलांविषयीच होतं: फी, क्लास, ताप, दहावी, स्थळं. दोघांमधला पूल मुलांनीच धरून ठेवला होता. ती आपापल्या गावी गेली, आणि आम्ही दोन काठांवर एकमेकांकडे बघत राहिलो. मुलांच्या फोनची वाट बघत बसणाऱ्या जोडप्यांना मुलांची आठवण येत असते हे खरं आहे. पण फोन आला की त्या दोघांना एकमेकांशी बोलायला विषयही मिळतो, हेही तितकंच खरं आहे.

पण मुलं गेली म्हणून बोलणं थांबलं, एवढ्यावर हे संपत नाही. त्याच्याही आतलं कारण आहे "मला माहितीये" हे. ह्यांना काय आवडतं, हे काय म्हणणार, कशावर चिडणार, हे मला पाठ आहे अशी माझी खात्री होती. ज्याचं उत्तर पाठ आहे, तो प्रश्न कोण विचारणार?

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात या खात्रीची परीक्षा घेतली गेली. बेंजामिन शाइबेहेने आणि त्याच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही तरुण जोडपी, साधारण दोन वर्षांची सोबत असलेली. काही म्हातारी, चाळीस वर्षांच्या संसाराची. प्रत्येकाला शंभराहून अधिक गोष्टी दाखवल्या, जेवणाचे पदार्थ, चित्रपट, स्वयंपाकघराच्या मांडणीचे नमुने, आणि विचारलं: तुमच्या जोडीदाराला हे कितपत आवडेल? तरुणांचे अंदाज शंभरात साधारण ४२ वेळा बरोबर आले. म्हाताऱ्यांचे ३६ वेळा. चाळीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून बसलेली माणसं दोन वर्षांच्या सोबत्यांपेक्षा जास्त चुकली. आणि दोन्ही गटांना वाटत होतं की आपण याहून कितीतरी जास्त ओळखतो.

असं का होत असेल? नव्या जोडप्याला माहीत नसतं, म्हणून ते विचारतं, बघतं, लक्षात ठेवतं. जुन्या जोडप्याने हे सगळं पहिल्या पाच-सात वर्षांत करून टाकलेलं असतं, आणि मग ती यादी बंद करून ठेवलेली असते. माणूस मात्र बदलत राहतो. माझ्या यादीत हे अजून तिशीतले होते. तेव्हा ह्यांना नाटकांचं वेड होतं, म्हणून मी परवापरवापर्यंत दर नाटकाला हौसेने दोन तिकिटं काढत होते आणि हेही निमूट येत होते. तीन तास ताठ बसून आता पाठ धरते, आणि मागच्या रांगेतून संवाद नीट कळतच नाहीत, हे मला गेल्या वर्षी समजलं. मी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. "नाटकाला जाऊया?" म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: "चालेल."

या "चालेल"वर थोडं थांबते. मुरलेल्या संसारातला हा सगळ्यात फसवा शब्द आहे. चालेल म्हणजे हौसेने येतो. चालेल म्हणजे तुझी इच्छा आहे तर येतो. चालेल म्हणजे आत्ता वाद नको. "काही नाही" हे त्याचंच भावंड. "काय झालं?" "काही नाही." हे बोलणारा समजतो की इतक्या वर्षांनी समोरच्याला आवाजावरून अर्थ कळेलच. ऐकणाराही समजतो की मला कळला. केनेथ सॅवित्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हेच तपासलं. जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवलं, आणि दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं एकाने म्हणायची, बाकीच्यांनी त्याच्या मनातला अर्थ ओळखायचा. ऐकणाऱ्यांत स्वतःचा जोडीदार होता आणि अनोळखी माणसंही होती. जोडीदाराला अनोळखी माणसापेक्षा फारसं जास्त कळलं नाही. पण आपल्या माणसाला आपलं बरोबर कळलं असणार, असं बोलणाऱ्यांनी ठामपणे धरलं होतं. परक्याशी आपण फोड करून बोलतो. आपल्या माणसाशी अर्धं वाक्य बोलतो, आणि उरलेलं त्याला कळलं नाही की दुखावतो.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट, जी मला आधी कळायला हवी होती. मी हाक मारते आणि हे उत्तर देत नाहीत, याचा मला राग यायचा. स्वयंपाकघरातून दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा "जाऊ दे" म्हणून गप्प बसायचं. एकदा पाहुणे बसले असताना "ताट आणा" म्हटलं, तर हे पाट घेऊन आले. सगळे हसले. हे हसले नाहीत. मुलीने ते पाहिलं आणि जाण्याआधी बाबांना कानाच्या तपासणीला घेऊन गेली.

तिथल्या बाईंनी आलेख पुढे ठेवून समजावलं. वयाबरोबर कान सगळे आवाज सारखेच गमावत नाही. आधी उंच पट्टीचे जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीत असतात, ती पुसली जातात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." ताट आणि पाट यांतला "आ" आणि "ट" पोचतो, पहिलं अक्षर कानाला अंदाजाने भरावं लागतं. त्यात मिक्सर, कुकर, नळ, टीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीच्या पुढच्या चौघांतल्या एकाहून जास्त जणांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. ते हळूहळू होतं, म्हणून ज्याचं होतं त्याला पत्ता नसतो. त्याला वाटतं, हल्ली सगळेच पुटपुटतात. बायकोला वाटतं, ह्यांचं माझ्याकडे लक्षच नाही.

आणि सगळ्यात आधी काय गळतं? गोळीची वेळ गळत नाही, ती तीनदा ओरडूनही सांगितली जाते. गळतात त्या ओरडून सांगण्यासारख्या नसलेल्या गोष्टी. शेवग्याची फुलं कोणी ओरडून सांगत नाही. "काय म्हणालीस?" असं समोरून आलं की आपण "काही नाही" म्हणतो, आणि एक गोष्ट सांगायची राहून जाते. वर्षभरात अशा शेकडो गोष्टी राहून जातात.

ह्यांना यंत्र बसलं. पहिले तीन आठवडे वैतागाचे होते, पेपरची पानं उलटली तरी कानात करकरायचं. यंत्र काढून ते डबीत ठेवण्याचा मोह या दिवसांतच होतो, आणि पुष्कळांचं यंत्र कायमचं तिथेच राहतं. बाईंनी मलाही शिकवलं. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. आधी हाक, त्यांनी बघितलं की मग वाक्य. ओरडायचं नाही, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजनं तशीच राहतात, सावकाश बोलायचं. आणि कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. घरी येताना माझ्या लक्षात आलं की हे सगळं आईच्या "अहो, ऐकलंत का?"मध्ये होतंच.

ही सोय झाल्यावर मग बोलायचं काय, याकडे वळले. आधी मी चूकच केली. "आजपासून रोज अर्धा तास गप्पा मारायच्या," असं जाहीर करून ह्यांच्यासमोर बसले. दोघंही शाळा तपासायला साहेब आल्यासारखे अवघडून गेलो. समोरासमोर बसून नजरेला नजर देत बोलणं सगळ्यांना जमत नाही, पुरुषांना तर नाहीच नाही. हात मोकळे असले की जीभ अडते. मग मी ते सोडलं आणि संध्याकाळी पाचच्या चहानंतर दोन खुर्च्या बाल्कनीत शेजारी-शेजारी टाकल्या, तोंडं रस्त्याकडे, मध्ये निवडायची भाजी. टीव्ही बंद. फोन आत. एवढंच. गप्प राहावंसं वाटलं तर गप्प.

प्रश्नही बदलले. "कसा गेला दिवस?" या प्रश्नाला "बरा" याखेरीज उत्तर नसतं. "पेन्शनच्या कामाला गेलात तेव्हा रांगेत कोण होतं?" याला उत्तर असतं, कारण ते डोळ्यांसमोर दिसतं. आणि ह्यांनी ठरलेली गोष्ट पुन्हा सुरू केली, की "हे सांगून झालंय" म्हणणं मी बंद केलं. नंदुरबारला बदली झाली तेव्हाचा पहिल्या रात्रीचा किस्सा मी शंभर वेळा ऐकला असेन: पाऊस, बंद खाणावळ, स्टेशनवर काढलेली रात्र. एकदा मी मध्येच विचारलं, "त्या रात्री तुमच्याबरोबर जो शिपाई होता, त्याचं पुढे काय झालं?" हे थांबले. मग म्हणाले, त्यानेच दुसऱ्या दिवशी खोली बघून दिली. पहिले दोन महिने रात्रीचं जेवण त्याच्या घरून यायचं. "तुला कधी सांगितलं नाही, कारण तू इथे दोन पोरं घेऊन एकटी होतीस. मी तिकडे घरचं जेवतोय हे कसं सांगायचं, असं वाटलं." तीस वर्षं मी ऐकत आलेल्या गोष्टीच्या आत ही गोष्ट होती. माणसाच्या आठवणी मोजून ठेवलेल्या नसतात. त्या बोट लावल्यावर उघडतात, आणि बोट नवं लागलं की नवीन काही उघडतं. सांगणाऱ्यालाही ते आधी ठाऊक नसतं.

एक पथ्य मात्र फार अवघड गेलं: उपाय न सांगणं. मी शेजारच्या वहिनींबद्दल काही बोलू लागले की हे लगेच म्हणत, "मग तू त्यांच्याकडे जाऊच नकोस." गोष्ट संपली. हे बहिणीच्या वाटणीचा विषय काढत आणि मी लगेच "तुमचंच चुकलं" म्हणत असे. तीही संपली. आता आम्ही आधी विचारतो, "सांगू का काही, की नुसतं ऐकू?" पहिल्यांदा ओठांवर आणायला लाज वाटली. आता वाटत नाही.

प्रत्येक शांततेला हे औषध लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. एकाने तोंड उघडलं की दुसरा टोचून बोलतो, चारचौघांत उतारा करतो, किंवा हात उचलतो, तिथे गप्प राहणं हा बचाव असतो. तिथे खुर्च्या शेजारी टाकून काही होणार नाही. मदत घरच्या जाणत्या माणसाची, समुपदेशकाची किंवा कायद्याची लागेल. आणि बोलका माणूस दोन-चार महिन्यांत अबोल झाला, पेपर, जेवण, नातवंडं यांतलं कशातच मन लागेना, किंवा तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारू लागला, तर संसार शिळा झाला असं समजू नये. डॉक्टरांकडे न्यावं. वर्षानुवर्षं हळूहळू आलेली शांतता वेगळी आणि अचानक पडलेली वेगळी.

सुखाची शांतताही असते. माझे मामा-मामी तासभर एक शब्द न बोलता अंगणात बसायचे आणि दोघं तृप्त दिसायचे. फरक कसा ओळखायचा, तर मी स्वतःला एकच विचारते: बाहेर काही पाहिलं, ऐकलं, तर ते घरी जाऊन सांगावंसं वाटतं का? आणि सांगायच्या आधीच "जाऊ दे" येतं का? मामी बाजारातून आली की चप्पल काढता काढता बोलू लागायची.

गुरुवारचं पान सांगायचं राहिलं. बुधवारी रात्री स्वतःचं "हं" वाचून मला झोप लागली नव्हती. दुसऱ्या सकाळी मी विळी बाजूला ठेवली, बाल्कनीत गेले आणि विचारलं, "गेल्या वर्षी एवढ्यात आली होती का हो फुलं?" हे म्हणाले, आठवत नाही. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "आमच्या राजापूरच्या घरामागे होता शेवगा. आई सकाळी त्याच्याखाली लुगडं अंथरून ठेवायची. पडलेली फुलं गोळा करून भाजी करायची. किंचित कडसर लागायची." मी ३१ वर्षं त्या घराची सून आहे. ही भाजी मी पानात कधी पाहिली नव्हती, कारण लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा तो शेवगा पडून गेला होता आणि सासूबाईंनी ती करणं सोडलं होतं.

यंदा फुलं आली तेव्हा समोरच्या वॉचमनला विचारून आम्ही दोघं झाडाखाली जुनी चादर अंथरून आलो. वाटीभर मिळाली. मी विचारलं, मूगडाळ घालायच्या का त्या? देठ काढायच्या का? कांदा किती? ह्यांना कृती येत नव्हती, ते कधी चुलीपाशी गेले नव्हते. पण ओट्याशी उभे राहून एकेक आठवू लागले: डाळ असायची, दाताखाली यायची. खोबरं वरून. मिरची हिरवी, लाल नव्हे. मी कढईत कांदा टाकला आणि हे म्हणाले, "थांब, वास असा नव्हता. कांद्याआधी काहीतरी टाकायची ती."

"मोहरी?"

"नाही."

"लसूण?"

ह्यांनी डोळे मिटले. मी गॅस बारीक केला आणि थांबले.